रेघ

उद्याच्या पेपरासाठी मी टीप मोठ्यानं वाचत होते. मीनाआज्जी शेजारी लसूण सोलत बसली होती.

"इतिहास सलग असतो. अभ्यासाच्या सोयीसाठी इतिहासकार त्याचे प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक असे भाग करतात. राज्यकारभार, उत्पादनाची साधनं, समाजरचना आणि विचार यांत मोठा बदल दिसला, की तिथं रेघ मानतात. ही रेघ प्रत्येक प्रदेशात वेगळ्या काळी येते, आणि तिच्यानंतरही जुनं बरंच काही चालू राहतं. ती मागाहून आखलेली असते. त्यामुळं युग बदललं, हे त्या वेळच्या माणसांना कळत नाही."

"आमास्नी कळलं की," आज्जी म्हणाली.

"कधी गं?"

"छप्पन साली. मी आठ वर्साची. बाबा नागपूरस्नं दीक्षा घिऊन आलं. दुसऱ्या दिशी सकाळी पाटलाचा माणूस दारात. म्हैस मेलीया, वढायला चला म्हणला. बाबा म्हणालं, 'न्हाय. आजपास्नं न्हाय.' त्यो माणूस तसाच माघारी गेला. आईनं माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, 'मीने, ह्यो दिस ध्यानात ठेव.'"

मी शेवटच्या वाक्यात 'सहसा' हा शब्द घातला आणि तिच्याकडं बघतच राहिले.

रेघेच्या दोन्ही बाजू बघितलेली बाई माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती.