निम्मा उरेपर्यंत

पाचव्यांदा त्याने "आई" म्हणून पाहिलं. घशातून नुसती हवा आली.

ताईचा फोन यायला पाऊण तास होता. डॉक्टरांनी हात टेकले, असं तिने सकाळीच सांगितलं होतं. आईने दोन दिवसांत डोळे उघडले नव्हते. पण ऐकू येत असेल, ज्यांना बोलायचंय त्यांनी आज बोलून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले होते. अतिदक्षता विभागात पाचच मिनिटं सोडतात, तेवढ्यात ती फोन आईच्या कानाशी धरणार होती. याचा पासपोर्ट इथे परदेशात कामाच्या परवान्याच्या कागदांबरोबर कचेरीत अडकलेला, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता. उरला होता तो आवाज, आणि आठवडाभर शीतगृहात खोकी उचलून नेमका तोच बसला होता.

म्हणून काढा. लहानपणी याचा आवाज बसला की आई काढा करायची, आणि संध्याकाळपर्यंत भोंगा पुन्हा सुरू व्हायचा. शेजारणी म्हणायच्या, दोन दिवस तरी सुखाने राहू द्यायचं होतं हो आम्हाला.

कृती तोंडपाठ होती. दोन कप पाणी, पेरभर आलं ठेचून, सहा मिरी, बोटभर दालचिनी. मंद आचेवर निम्मा उरेपर्यंत आटवायचा. तुळस शेवटी टाकून झाकण ठेवायचं, म्हणजे वास उडून जात नाही. गूळ खाली उतरवल्यावर.

सगळं तसंच केलं, आणि घोट घेतला तर चव भलत्याच कुणाच्या घरची. इथलं आलं तळहाताएवढं, गुबगुबीत. ठेचलं की पाणी सुटलं, जिभेला काही झोंबलं नाही. मिरी बाटलीतली, कधीची दळलेली, मातकट. दालचिनी कागदाच्या सुरळीसारखी पातळ आणि नुसती गोड. गुळाऐवजी तपकिरी साखर, तिला गुळाचा तो किंचित खारटपणा नाही. आणि तुळस म्हणून दुकानदाराने हातात दिलेली पानं मोठी, चकचकीत. चुरडली तर बडीशेपेचा वास. त्याचा खोलीतला सोबती ड्रायव्हर होता. कामावर निघताना त्याने पातेल्यात नाक घातलं आणि विचारलं, "पाहुणे येणारेत का? सरबत केलंयस?"

दुसऱ्या खेपेला त्याने आलं तिप्पट घातलं, मिरी चमचाभर. शेगडी विजेची, बटण मागे फिरवलं तरी खालची तबकडी तापलेलीच राहिली, आणि काढा निम्म्याच्याही खाली गेला. कडू झाला. त्याने तसाच प्यायला. "आई" म्हणून पाहिलं. काही नाही. तिसऱ्या खेपेला त्याने पातेलं धुऊन पुन्हा ठेवलं. नाक वाहत होतं, डोळेही वाहत होते, आणि यातलं सर्दीचं किती हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. घसा बंद तो बंदच.

काढा कपात ओतेपर्यंत फोन वाजला.

"लावलाय कानाला, बोल," ताई म्हणाली.

त्याने सगळा जीव घशात आणला. आई, मी आहे, असं म्हणाला. कुजबुजच ती, पण तीन वेळा म्हणाला. ऐकू येतंय का, असंही विचारलं. पलीकडे यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. मध्येच ताईने हळूच सांगितलं की काही हललं नाही.

यापलीकडे काय बोलायचं ते त्याने ठरवलंच नव्हतं. कपाकडे बघत तो लहान पोरासारखा गाऱ्हाणं करत सुटला.

"आई, काढा जमत नाहीये गं. आलं लागतच नाही. तुळशीला बडीशेपेचा वास येतोय. तीनदा केला."

टिकटिक चालू राहिली. मग ताईचा श्वास जोरात ऐकू आला. थांब, ओठ हलतायत, असं ती म्हणाली.

"काहीतरी बरळतेय रे," ती रडत म्हणाली. "लवंग, लवंग म्हणतेय. कसली लवंग?"

त्याने डोळे मिटले. घरच्या तुळशीचं पान चावलं की जे टोचायचं ते लवंगेसारखंच टोचायचं. आईच्या काढ्यात लवंग कधी नव्हती, कारण तिथे तुळस होती.

घरात लवंग नव्हती. दुकान वीस मिनिटांवर होतं, आणि पलीकडे नर्स वेळ संपल्याचं सांगत होती.

"घातली, आई," तो म्हणाला. मग कप फोनच्या अगदी जवळ नेऊन, तिला ऐकू जाईल असा भुरका मारला. "आता बरोबर लागतोय."