समोरच्या घराची चौकशी

"घट्ट बांधू नकोस गं, बांगड्या चढवायच्यात," नलिनी म्हणाली.

उत्तराने बर्फाचं फडकं तिच्या मनगटावर नुसतंच धरून ठेवलं. मनगट टम्म सुजलं होतं. वरच्या बाजूला बोटं उमटलेली, आतल्या बाजूला अंगठा.

"आज काय निमित्त?"

"शर्टाला इस्त्री नव्हती. मुलीकडचे येणार म्हणून त्याला नेमका तोच घालायचा होता." जणू सगळा दोष इस्त्रीचाच. "हे बघ, मुलीची आई आधी तुझ्याकडे येईल, एकटीच. शेजारीपाजारी विचारतात ना, तसं. मीच तुझं नाव दिलंय."

"माझं? अगं, का?"

"मग कुणाचं देऊ? खालच्या शुभाला नुसते आवाज ऐकू जातात, ती काहीही बरळेल. तुला सगळं माहितीये. म्हणून तर तू बोलणार नाहीस."

आपला मुलगा मुकुल आपल्यावर हात उचलतो, हे नलिनीने मुलुंडच्या त्या अख्ख्या इमारतीत फक्त समोरच्या उत्तराला सांगितलं होतं. तेही कुलदेवीची शपथ घालून.

"आणि त्या पोरीचं काय, नलू?"

"लग्न झालं की निवळेल तो."

"नाही निवळला तर?"

नलिनीने हात सोडवून घेतला, पदराला पुसला आणि एकेक बांगडी वर सरकवली. "मग घरात दोघी असू," ती म्हणाली. "वाटून घेऊ."

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती लगबगीने उठली. दारात मात्र थांबली. "नकार आला ना, तर कुणी सांगितलं ते तो मलाच विचारणार. तेवढं ध्यानात ठेव."

ती समोरच्या दारात शिरली आणि थोड्याच वेळात उत्तराची बेल वाजली.

मुलीची आई, इरावतीबाई, बोरिवलीहून आल्या होत्या. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. चहा घेता घेता त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. नोकरी पक्की आहे ना? आहे. पितो का? नाही. मित्रमंडळी? बरी आहेत. उत्तरं सगळी खरी होती.

"वॉचमनलाही विचारून आले हं," इरावतीबाई हसल्या. "म्हणे, साहेब पार्किंगवरून कधी भांडत नाहीत. आता एकच शेवटचं. रागीट नाही ना हो? आमची गंधाली फार हळवी आहे."

उत्तराने समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मुकुल आईला मारतो," ती म्हणाली.

कप बशीवर टेकला.

"तुम्ही पाहिलंत?"

"मारताना नाही. मारल्यावर. दर वेळी."

इरावतीबाईंनी कपबशी बाजूला सारली. उत्तराला वाटलं, उठतील, आल्या पावली खाली उतरतील, आणि आपण नलूला आज इथेच झोपवू, उद्याचं उद्या बघू.

"आईचं वेगळं असतं," इरावतीबाई म्हणाल्या. "बायकोशी असं वागतीलच असं नाही. आणि राग कुठल्या पुरुषाला नसतो? आमच्या ह्यांना काय कमी होता? गंधालीने किती मुलं नाकारली, हा एकच तिला पसंत पडलाय." त्यांनी पर्स उचलली. "पण बरं झालं, स्पष्ट बोललात. मी आत्ताच मुकुलला समोर बसवून विचारते. नात्याच्या सुरुवातीला आडपडदा नको, मी म्हणते."

"अहो, नका! त्याला नका विचारू."

"घाबरू नका, तुमचं नाव नाही घेणार मी."

"माझंच घ्या! मीच सांगितलं म्हणा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणा. नलिनी मला कधी काही बोलली नाही म्हणा!"

इरावतीबाईंनी तिच्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं, आणि चपला पायात सरकवल्या.

बेल दाबायची वेळच आली नाही. दार मुकुलनेच उघडलं. "या ना काकू, वाटच बघत होतो," म्हणत तो वाकून नमस्कार करायला गेला. त्याच्या मागे नलिनी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने पाहुण्यांच्या खांद्यावरून पलीकडे उत्तराकडे पाहिलं. इरावतीबाई आत शिरताहेत, म्हणजे मैत्रिणीने निभावलं. ती हसली, लग्न ठरलेल्या मुलीसारखी.

मुकुलने दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाजही न करता.