भामाबाईच्या चिठ्ठ्या

"वाचा की साहेब, कावून थांबलात?" बंकट म्हणाला.

अर्जुनरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. चिठ्ठी चार ओळींची होती.

"आज भाकरी गोल झाली न्हाई. थापताना तुमची आठवण आली अन् हात वाकडा पडला. चूक तुमची हाय."

बंकट लाजला आणि उगीच गाईच्या पाठीवरचा कचरा झाडायला लागला.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता. कड्याजवळच्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. विहिरी आटल्यामुळे गावची गुरं छावणीत आली होती आणि गुरांसोबत गडीमाणसं. बायका मागं घर आणि टँकर सांभाळत होत्या. संस्थेचे सेक्रेटरी म्हणून अर्जुनरावांचा मुक्कामही छावणीवरच. सकाळी गावातून दुधाचा टेम्पो निघायचा, त्यात सगळ्यांचे डबे यायचे. रिकामे डबे दुपारी परत जायचे.

बंकटला अक्षर येत नव्हतं, त्याच्या बायकोला, भामाबाईलाही नाही. तिच्याकडं फोनही नव्हता. तीही कुणाकडून तरी लिहून घेत असणार, हे उघड होतं. अर्जुनरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की गावातली कुणीतरी कॉलेजात जाणारी मुलगी असावी. अक्षर ठसठशीत होतं आणि लिहिणं खट्याळ.

"काय उत्तर धाडू?" त्यांनी विचारलं.

"लिवा, भाकर चांगली होती."

अर्जुनरावांनी चाऱ्याच्या कोऱ्या पावतीमागं लिहिलं, "वाकडी भाकरी गोड लागली. उद्या जास्त आठवण काढावी. चौकोनी झाली तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "चौकोनी केली, पण डब्यात बसंना. तुमीच या खायला."

एक चिठ्ठी भाकरीखाली ठेवलेली आली, ती वाफेनं पार पुसून गेली. तेव्हा अर्जुनरावांनी कळवलं की चिठ्ठी वरच्या पुडात ठेवावी, कोरड्या चटणीशेजारी, दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून. शाईचं पेन नको, बॉलपेन बरं. तेलाचा हात लावू नये. नाव घालू नये, डबा दुसऱ्याच्या हाती लागला तर गावभर हसं व्हायचं. बाकीचं त्यांना लिहिता लिहिता उमगलं. चार ओळींच्या वर जायचं नाही. तक्रार लिहायची ती हसत. आणि आधीच्या चिठ्ठीतला एखादा शब्द धरूनच पुढं बोलायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की आपलं लिहिणं दोनदा वाचलं गेलंय.

"आज टँकर आला," एकदा चिठ्ठी आली. "तोंड धुतलं, काजळ घातलं. बघायला माणूस न्हाई म्हणून शेळीला दाखवलं. तिनं तोंड फिरवलं."

"शेळीला कळत नाही तेच बरं," अर्जुनरावांनी लिहिलं. "मी येईपर्यंत थोडं काजळ उरू द्या."

त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा बंकट डोकं खाजवत म्हणाला, "एवढं मी न्हाई म्हणलो, साहेब."

"मनात होतं ना?"

"आसंल बा."

अर्जुनरावांचाही डबा त्याच टेम्पोतून येई. नीट बांधलेला, भाजी गरम. त्यात चिठ्ठी नसे. संध्याकाळी घरी फोन होई.

"डबा पोचला?" केशरबाई विचारत.

"पोचला."

"मीठ?"

"बरोबर होतं."

बावीस वर्षांच्या संसारात एवढंच बोलायचं उरलं होतं. दोघांत भांडण असं कधी नव्हतं.

एक दिवस टेम्पोची वाट बघत आपण रस्त्यावर येऊन उभे आहोत, आणि तेही दाढी करून, हे अर्जुनरावांच्या ध्यानात आलं. त्यांना कसंतरीच वाटलं. त्या दिवशीची चिठ्ठी त्यांनी बंकटला हाक मारायच्या आधीच उघडली.

"इतकं गोड बोलणारा माणूस इतकी वर्षं घरात होता, अन् मला पत्ता न्हाई. आधी कावून बोलला न्हाई?"

बंकट पेंढ्या सोडत होता. अर्जुनरावांनी त्याला काही विचारलं नाही. पावती उलटी केली आणि लिहिलं, "बोलायचं राहून गेलं. मग वाटलं, आता बोललो तर तुम्ही हसाल."

डबा गेला. टेम्पो दिसेनासा झाल्यावर मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली. बायको दुसऱ्याची, अक्षर कुण्या तिसरीचंच, आणि घरी केशर रोज पहाटे उठून आपल्यासाठी चूल पेटवते. त्यांनी बंकटला बोलावून घेतलं.

"उद्यापासून दुसऱ्या कुणाकडून लिहून घे."

"काय चुकलं का, साहेब?"

"तुझं काही नाही चुकलं."

बंकटला दुसरा लिहिणारा मिळाला नाही. दोन दिवस डबा चिठ्ठीविनाच परत गेला. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून भामाबाई स्वतःच उतरली. तिनं बंकटकडं पाहिलं, गाईच्या मानेवरून हात फिरवला आणि सरळ अर्जुनरावांच्या टेबलापाशी आली.

"लिवणं कावून बंद केलं, साहेब?"

"नवराबायकोतलं बोलणं परक्यानं लिहू नये, भामाबाई," अर्जुनराव खाली बघत म्हणाले. "आणि तुमच्याकडं लिहिणारी जी कोण असेल, तिलाही सांगा. माझं जरा जास्तच झालं. तिनं मनात काही आणू नये."

भामाबाई पदर तोंडाशी धरून हसू दाबत राहिली.

"कोण लिहितं तुमच्या चिठ्ठ्या?"

"तुमच्या घरच्या. केशरवहिनी."

"केशर? तिला पेन धरलेलं मी कधी पाहिलं नाही."

"पयली चिठ्ठी मी सांगितली, वहिनींनी लिवली," भामाबाई म्हणाली. "मग तुमचं उत्तर आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं अन् म्हणल्या, भामा, हे अक्षर मी वळखते, आता हितून फुडं तू काही सांगू नको."