खरवडलेली वेळ

हे लग्न मला नको होतं, म्हणून जन्मनोंदीच्या कागदावरची वेळ मी ब्लेडनं खरवडली. वेळ नाही तर पत्रिका नाही. वेळ सांगायला आईही उरली नव्हती. ज्योतिषीबुवा मात्र हसले. "वेळेवाचून अडत नाही. त्या दिवशी चंद्र चोवीस तास वृषभ राशीत होता. तिलाच पहिलं घर धरायचं, चंद्रलग्न. त्यापासून मंगळ तिसरा, कर्केत, दोष नाही. गुरू सातवा, संसार सोन्याचा!" बाबांनी तिथूनच मुलाकडे फोन लावला. "सूर्योदयाचा जन्म असता तर पंचाईत होती," बुवा पंचांग मिटत म्हणाले. "सूर्य मकरेत, म्हणून पहिलं घरही मकर, आणि मंगळ सातव्यात. मीच नको म्हटलं असतं." "बाबा, माझा जन्म सूर्योदयाचाच आहे." बाबांनी फोनवर हात ठेवला. "आत्ता बरं आठवलं! गप्प बस." मी कागद उजेडात धरला. वेळेच्या जागी भोक होतं.