बटाट्याचं पाणी

“बटाट्याचं पाणी ओतून द्यायचं?” आईने चष्मा कपाळावर सरकवला. “अहो, पुन्हा वाचा बरं ते.”

बाबांनी पत्र पुन्हा उघडलं. पोरगा परदेशात लिफ्टदुरुस्तीचं ट्रेनिंग घेत होता. एरवी फोन व्हायचेच, पण फोनवर सांगितलेली कृती आईच्या एका कानातून शिरायची आणि दुसऱ्यातून निघायची. म्हणून खाण्यापिण्याचं सगळं तो पत्रात लिही. आई ते पत्र ओट्यावरच्या फरशीला चिकटवून तसाच स्वयंपाक करी. पोरगा जे खाईल तेच आपण खायचं, असं तिने तो गेला त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

“‘बटाटे सोलायचे, बारीक चिरायचे,’” बाबा वाचू लागले, “‘कोमट पाण्यात दोन तास ठेवायचे. ते पाणी ओतून, नव्या भरपूर पाण्यात उकडायचे. तेही पाणी ओतायचं. मगच फोडणी. इथल्या बटाट्यांना मातीचा वास असतो.’”

“मातीचा वास! मग राहिलं काय त्या बटाट्यात?”

“‘डाळही जुनी मिळते, म्हणून रात्री भिजवून तिचंही पाणी टाकतो. पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढतो. खायची मात्र लहान वाटीच, पोटाला जड पडते. टोमॅटो आणि चिंच नाही, लिंबाचे चार थेंब. खोबरं खवट, म्हणून तेही नाही. केळी कच्ची येतात, त्याऐवजी सफरचंद. भात पांढराच. मीठ निम्मं. आणि इथे दुकानात हलकं मीठ म्हणून एक मिळतं, ते चुकूनही घ्यायचं नाही. आई, तुमच्याकडे मिळालं तरी तू आणू नकोस.’”

“मी कशाला आणू? पण एवढं काय वाईट असतं त्यात?”

“असेल काहीतरी,” म्हणत बाबांनी पत्राची घडी घातली.

आईने तस्सं केलं. पहिला घास घेताच तिचं तोंड वाकडं झालं. तिने गुपचूप लोणच्याची बरणी ओढली आणि बाबांपुढे धरली.

“नको. पोरगा खातो का लोणचं? मग मीही नाही.”

आई बघतच राहिली. भाजीत मीठ कणभर कमी पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस. लेकाच्या मायेने पार पाघळलाय, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं.

तरी डोक्यातून काही जाईना. ज्या देशात लिफ्ट बोलतात म्हणे, तिथे धड बटाटा मिळू नये? टोमॅटो नाही, खोबरं नाही, डाळही जुनी? दुसऱ्या दिवशी तिने वाटीभर भाजी शेजारच्या सिस्टरला दिली. सिस्टर मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती.

सिस्टरने चव घेतली, कृती ऐकली आणि हसली. “काकू, ही आमच्या वॉर्डातलीच भाजी झाली की! किडनीच्या पेशंटला असंच देतो आम्ही. पाणी टाकलं की त्यांना बाधणारे क्षार निघून जातात. टोमॅटो, केळी, खोबरंही बंद. आणि ते हलकं मीठ तर त्यांना विषासारखं, त्यात तेच क्षार भरलेले असतात.”

 आई तडक घरी आली.

“पोराच्या किडनीला काहीतरी झालंय,” ती म्हणाली. “लपवतोय आपल्यापासून.”

“काहीतरीच काय! ठणठणीत आहे तो.”

“तुम्हाला काय माहीत? मी त्याला परत बोलावते. उद्याच.”

“अगं, पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा आहे! आता आला तर दोन वर्षं पाण्यात जातील. तिथे पुन्हा कोणी उभंसुद्धा करणार नाही त्याला.”

“जाऊ देत! पोरापेक्षा मोठी का परीक्षा?”

बाबांना ठाऊक होतं, बोलून उपयोग नव्हता. मागे त्यांना साधा ताप आला, तेव्हाही हिने पोराला ऐन परीक्षेतून घरी बोलावून घेतलं होतं. त्याचं ते वर्ष गेलं ते गेलंच.

“निदान आज राहू दे,” बाबा म्हणाले. “कामावर असेल तो.” ते फोनकडे हात करत उठू लागले, पण दम लागून पुन्हा बसले. तोवर आईने व्हिडिओ कॉल लावलाही होता.

पोरगा कामाच्याच कपड्यांत होता, बाहीला ग्रीस लागलेलं. मागे एक चिंचोळी खोली, खिडकीत वाळत घातलेले मोजे.

“काय खातोयस?” आईने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

“तेच आपलं... पत्रात लिहिलंय ते.”

“ताट दाखव.”

“आई, अगं...”

“ताट दाखव, नाहीतर आत्ताच्या आत्ता सामान भर आणि निघ तिथून. मला सिस्टरने सगळं सांगितलंय. तुझ्या किडनीला झालंय काय?”

पोराचा चेहरा उतरला. त्याने आईच्या खांद्यावरून पलीकडे, बाबांकडे पाहिलं. बाबा मान हलवून नाही, नाही म्हणत होते. मग त्याने हळूच फोन खाली वळवला.

ताटात टोमॅटोची लालभडक भाजी होती. बटाटे सालासकट भाजलेले. डाळ वाडगा भरून, तिच्यावर पांढरं खोबरं. कडेला दोन पिकली केळी आणि लोणचंसुद्धा. आई डोळे फाडून बघत राहिली. मग तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

“अरे, तू तर सगळं खातोस! देवा रे, जीव घेतलास माझा.” तिने पदराने डोळे पुसले. “मग मेल्या, ती बेचव पत्रं कशाला लिहीत होतास?”

पोराने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला.

“आई,” तो म्हणाला, “तू ते करून कुणाला वाढतेस?”