मेणाची मासोळी

हरेश सोनारांनी मेणाची मासोळी चिमटीत धरली, तिच्या पाठीवरच्या कडीत दोरा ओवला आणि हात वर केला. मासोळीने लगेच तोंड खाली घातलं. शेपटी वर.

“ही बुडी मारतेय,” ते म्हणाले.

समोर उभ्या मुलाचा, वरदचा, चेहरा पडला. सहा महिने वाशीच्या क्लासला जाऊन तो कॅड शिकला होता, कॉम्प्युटरवर दागिना घडवायला. ही मासोळी त्याच्या डिझाइनवरून प्रिंटरने मेणात काढलेली पहिली होती. बाबांची मासोळी तीस वर्षं सारसोळ्यातल्या बायकांच्या गळ्यात पदक म्हणून होती. पोलादी ठशात सोन्याचा पत्रा ठोकून दोन अर्ध्या बाजू काढायच्या, त्या डाग देऊन जोडायच्या, अशी ती व्हायची. यंदा ठशाला तडा गेला, आणि नवा कोरायला बाबांचा हात आता स्थिर नव्हता. तेवढ्यात गोजराआजी दुकानात येऊन बजावून गेल्या होत्या, “माज्या नातीला, मनस्वीला लग्नात अशीच मासोली पायजे. पन रोज घालता येईल अशी हलकी. नायतर ती मॉलमधनं आनते कायतरी.”

“स्क्रीनवर सरळ होती, बाबा.”

“स्क्रीनवर पडेल कशाला? तिथे वजनच नाही.” हरेशनी मासोळी काट्यावर ठेवली. “अर्धा ग्रॅम.”

“म्हणजे बावीस कॅरेट सोन्यात नऊ ग्रॅम. मेणाच्या अठरापट. जुनी चौदा ग्रॅमची होती. मी मागची बाजू उघडी ठेवली, भिंत सगळीकडे पाऊण मिलिमीटर. ओतताना सोनं आकसतं म्हणून दीड टक्का मोठीपण केलीय.”

“भिंत बरोबर आहे. त्याहून पातळ केलीस तर सोनं शेपटीपर्यंत पोचणार नाही.” हरेशनी भिंग डोळ्याला लावलं. “खवले किती वर काढलेस?”

“पाव मिलिमीटर.”

“पॉलिशला निघून जातील. आणि सगळे एकाच मापाचे? मासोळी आहे की बाथरूमची लादी?”

वरदला राग आला, मग हसू. एक खवला काढून त्याने तो अख्ख्या अंगावर तसाच उमटवला होता.

त्याने लॅपटॉप काउंटरवर ओढला. खवल्यांची उंची पाव मिलिमीटरवरून अर्ध्यावर नेली. डोक्याजवळचा खवला होता तसा ठेवून शेपटीकडे एकेक लहान करत नेला. मग त्याने गुरुत्वमध्य दाखवणारी कमांड दिली. मासोळीच्या पोटात एक लाल ठिपका उमटला. ठिपका डोक्याकडे होता आणि कडी पाठीच्या बरोबर मधोमध.

“तू कडी मधे का घेतलीस? मी कल्ल्याच्या वर ठेवायचो.”

“मधे छान दिसत होती.”

“मग आता?”

“ठिपक्याच्या बरोबर वर यायला पाहिजे. तुम्ही सरकवा.”

हरेशनी धोतराला हात पुसले आणि माउस धरला. कडी उडून थेट नाकावर बसली. ते दचकून मागे झाले, जणू सोनं फुकट गेलं.

वरदने दोन बटणं दाबली. कडी जागेवर परतली.

हरेश स्क्रीनकडे झुकले. “परत कर बघू.”

वरदने कडी पुन्हा नाकावर नेली आणि तशीच परत आणली.

“आयुष्यभर ठसे कोरले,” ते हळूच म्हणाले. “छिन्नी एकदा घसरली की पोलाद फेकायचं.” मग त्यांनी मुद्दामच कडी शेपटीवर नेली, पोटाखाली नेली, आणि दर वेळी लहान पोरासारखे “परत!” म्हणाले. सहाव्या खेपेला त्यांनी ती कल्ल्याच्या वर, ठिपक्याच्या रेषेत आणून सोडली. “आता हात लावू नकोस.”

प्रिंटरवरून दुसरी मेणाची मासोळी आली. ती दोऱ्यावर सरळ राहिली. ओतकामवाल्याने ती प्लास्टरमध्ये बसवली, भट्टीत मेण जाळून काढलं आणि त्या पोकळीत सोनं ओतलं. पोटाखाली सोनं आत गेलं तिथे एक खुंट राहिला होता. तो हरेशनी स्वतः कानशीने काढला. पॉलिश झाल्यावरही शेपटीजवळचा सगळ्यात बारका खवला बोटाला लागत होता.

गोजराआजी मनस्वीला घेऊन सीवूड्सहून रिक्षाने आल्या. आधी पदक त्यांनी स्वतःच गळ्यात घातलं आणि आरशासमोर मान डावी-उजवी केली. मासोळी आडवी, शांत.

“आजी, माझं आहे ते!” मनस्वी म्हणाली.

“थांब गो. हरेश, ही तू केलीस?”

“मी कुठे? वरदने केली.”

“नाही आजी,” वरद म्हणाला, “बाबांचीच आहे.”

“अरे, तू नसतास तर...”

“बाबा, कडी तर तुम्हीच...”

आजींनी स्टूल ओढलं आणि पदर सावरून ऐसपैस बसल्या.

“तुमी ठरवा दोघं निवांत,” त्या म्हणाल्या. “तवर मी घालून बसतंय.”