मधलं कडवं

मुंजाजीचा हुंकार थांबला तशी कडूबाई फळीवर आणखी पुढं सरकली आणि विहिरीत ओरडली, "मुंजा, ऐकू येतंय का न्हाई?"

"हं."

सोसायटीच्या विहिरीतला गाळ काढता काढता एका बाजूची दरड कोसळली होती. दुष्काळात पाणी लागलं नव्हतं, दगड मात्र ढिगानं लागले. तिचा धाकटा भाऊ मुंजाजी छातीपर्यंत गाडला गेला होता. कोणी काठाजवळ गेलं की माती पुन्हा सुटत होती, म्हणून फळी टाकून एकट्या कडूबाईला पालथं झोपवलं होतं. साखर कारखान्यावरून माती उपसायचं मशीन निघालं होतं. डॉक्टरनं फोनवर बजावलं होतं, काहीही करा, पण त्याला झोपू देऊ नका.

"बोलत ऱ्हा, कडूबाई," मागून सोसायटीचे चेअरमन सुंदरराव म्हणाले. एरवी सभेत माईक न सोडणाऱ्या माणसाला आज एवढंच सुचलं.

बोलणार तरी काय? पोरांची नावं विचारली, बैलांची विचारली. प्रत्येक प्रश्नाला खालून 'हं' येई, आणि दर वेळी तो आधीपेक्षा बारीक होई. मग काही न ठरवताच तिच्या तोंडून शाळेची प्रार्थना निघाली.

"उजळ आमची पाटी देवा..."

खालून आपोआप आलं, "...उजळ आमची वाट."

"हाती दे तू काम आणिक..."

"...ताठ असू दे पाठ."

प्रश्नाला न हलणारी जीभ चालीला हलली. चाल अशी पुढं ओढते. पण दुसऱ्या कडव्याशी गाडं अडलं. कडूबाईला ते कधी येतच नव्हतं. पाण्याची घागर घरी टाकून शाळेत पोचेपर्यंत फाटक बंद झालेलं असे, आणि उशिरा आलेल्यांनी प्रार्थना संपेस्तोवर बाहेर उभं राहायचं. पहिलं कडवं पोरं बेंबीच्या देठापासून म्हणत, ते रस्त्यावरच पाठ झालं. मधलं सगळी पुटपुटत. भिंतीपलीकडं ओळींची लांबवलेली टोकं तेवढी यायची. एक 'जीव', एक 'कीव'.

"ना ना ना ना... लावू जीव," तिनं नुसती चाल म्हटली.

खाली काही नाही.

ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत आली. पाटी, वाट, काम, पाठ सगळं बरोबर आलं, आणि त्याच जागी खाली पुन्हा शांत झालं. आठवत नाही म्हणून गप्प, की... कडूबाईला पुढचा विचार करवेना. ही भीती तिनं जन्मात अनुभवली नव्हती.

शाळेत मुंजाजी पुढं उभा राहून प्रार्थना सांगायचा. घरी तिचा एक शब्द इकडचा तिकडं झाला, की ताटावरून उठून भांडायचा. तिनं डोळे मिटले आणि मोठ्यांदा सुरू केलं, "शेळ्या आल्या, मेंढ्या आल्या, त्यांना लावू जीव!"

मागं कोणीतरी दचकलं. सुंदररावांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

खाली दगड खरखरला. "चुकलं..." मग तुटक तुटक, "सान असो की थोर कुणीही... सर्वां लावू जीव."

"नको मला ती भाकर शिळी, नको कुणाची कीव!"

"अगं हेवा! नको कुणाचा हेवा आमां..." मुंजाजी चक्क वैतागला होता. कडूबाईला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. तिसऱ्या कडव्यात तिनं शेताच्या जागी सासू घातली, शिवाराच्या जागी रेडा घातला. प्रत्येक चुकीला खालून दुरुस्ती येत गेली. "घाम गाळुनी... हिरवे करू या... शेत, शिवार, गावा."

आता एकच ओळ उरली. ती ओळ सुरू झाली की शिपाई फाटक उघडायचा, म्हणून उशिराच्या पोरांना तेवढी पुरती पाठ होती. 'दिवस मावळता तुझ्याच पायी घेऊ रे विसावा.' कडूबाईच्या ओठावर ती आली, आणि 'विसावा' आठवताच तिनं ती तशीच गिळली.

"शेवटची वळ म्हन की, आक्का," खालून दमलेला आवाज आला. "मंजी संपंल."

लांब बांधाच्या वळणावर धुरळा उठला होता. मशीनचा का वाऱ्याचा, ते अजून कळत नव्हतं.

"मला न्हाई येत ती," कडूबाई म्हणाली. "पयल्यापासून म्हनू."